पापणी समोरून, पापणी बाजूने

कामतघरच्या आपल्या गल्लीत उन्नतीने पार्लर काढलं तेव्हा सगळ्यांनी एकच शंका काढली, की भिंतीपलीकडे सासऱ्यांचे कापड विणायचे लूम दिवसभर खडखडत असताना ही बाई लोकांच्या भुवया सरळ कशा काढणार? उन्नतीने त्या सरळ काढून दाखवल्या. खुर्ची थरथरते, आरसा थरथरतो, पण तिचा हात थरथरत नाही. आता गिऱ्हाइकांना त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की शुक्रवारी लूम बंद असले की बायका डोळे उघडून विचारतात, "काय झालं?"

या वर्षी तिने पापण्यांचा कोर्स लावला. ठाण्याला, आठवड्यातून दोनदा. तिथल्या मॅडमनी शिकवलं ते तिने इतकं मनावर घेतलं, की जेवतानासुद्धा ती समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लागली आणि नवरा देवेश घास गिळायचा विसरायला लागला. मग तिने व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं: 'डोळ्याचा एक क्लोजअप पाठवा, पापण्यांचा निकाल मिळवा.' झालं. आळीतले निम्मे डोळे तिच्या मोबाइलमध्ये जमा झाले. मेडिकलवाल्या भावेशने गंमत म्हणून आपला डोळा पाठवला आणि त्याच्या पापण्या सगळ्या गल्लीत पहिल्या नंबरच्या निघाल्या, त्याबद्दल बायका त्याच्यावर अजून चिडून आहेत.

निकालाची तिची पद्धत ठरलेली होती. फोटो दोन बोटांनी मोठा करायचा. पापण्या कुठपर्यंत पोचतात ती लांबी. टोकं वर वळतात का सरळ पुढे किंवा खाली जातात ते वळण. दोन पापण्यांच्या मधून कातडी किती दिसते त्यावरून घनता. आणि शेवटी सल्ला. पापण्या लांब पण सरळ असतील तर कर्लर. आखूड किंवा विरळ, पण मुळात धट्ट्याकट्ट्या असतील तर एक्स्टेन्शन, कारण तो नकली केस आपल्याच एकेका पापणीवर चिकटवायचा असतो आणि तिला त्याचं वजन दोन-तीन आठवडे पेलावं लागतं. मुळातच मरतुकड्या असतील तर हात जोडायचे आणि गिऱ्हाइकाला घरी पाठवायचं.

"फोटोवरून?" तिच्या सासूबाई धोंडूबाई म्हणाल्या. त्या पार्लरच्या कोपऱ्यात लसूण सोलत बसतात. आधी सुकट निवडायच्या, पण त्यावरून एकदा जोरदार भांडण होऊन तह झाला तो लसणावर. "अगो, मासली तरी कोन फोटोवरशी घेतं का? कल्ला उचलून बघावा लागतं."

"आई, ही मासळी नाही."

"न्हाय ना. मासली बरी. मेलेली असतं, हलत तरी न्हाय."

आता अडचण अशी होती की कोर्स संपला होता, पण प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. ते मिळायला खऱ्या गिऱ्हाइकाला एक्स्टेन्शनचा पूर्ण सेट लावून आधीचा आणि नंतरचा फोटो मॅडमना पाठवायचा होता. मुदत रविवारची. रविवार हुकला की पुढच्या बॅचबरोबर, म्हणजे तीन महिन्यांनी. सासरे केसरीनाथ तर इतके उत्साही की त्यांनी आरशाच्या वर प्रमाणपत्रासाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. रोज सकाळी पार्लर उघडलं की तो रिकामा खिळा उन्नतीकडे बघायचा. आळीतल्या बायकांना निकाल फुकट हवा होता. डोळ्यावर चिकटवून घ्यायला मात्र एकही तयार नव्हती.

अशात सोमवारी मेघालीचा फोटो आला.

मेघाली अकलोलीच्या पुढच्या एका गावातली. कामतघरात मावशीकडे राहून दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर मशीनने सूत गुंडाळायची. रविवारी तिचं लग्न होतं, गावाला. फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'ताई, माझ्या पापण्या कशा हायत ते खरं सांगा. लग्नात अंतरपाट काढल्यावर मना वर बघायचं हाय.'

उन्नतीला हे वाक्य कळलं नाही, म्हणून तिने फोन लावला. तेव्हा सगळं बाहेर आलं. बघायच्या कार्यक्रमाला नवऱ्या मुलाची, विपुलची, आत्या आली होती. हौसा नाव. तिने चहाचा कप खाली ठेवला, मेघालीची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि भर बैठकीत म्हणाली, "पोरगी चांगली हाय. पन डोल्यांना पापन्याच न्हाईत गो." सगळे हसले. विपुल हसला नव्हता, असं मेघाली म्हणाली, पण तिने तेव्हा नीट बघितलंही नव्हतं. कारण त्या क्षणापासून तिने सासरच्या कुणासमोर मान वर केली नव्हती. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत ती आपल्या पायांकडे बघत होती.

"अंतरपाट दूर झाला का सगळी माझ्याच डोल्यांकडं बघनार, ताई. आणि आत्या तर पुढं उभी राहनार."

उन्नतीने फोटो मोठा केला. समोरून काढलेला, कारखान्याच्या ट्यूबलाइटखाली, ड्युटीवर असताना. पापण्या अगदी तोकड्या दिसत होत्या, टोकं जणू खुडल्यासारखी, आणि मधूनमधून फटी. मूळ मात्र ठळक, काळंभोर. उन्नतीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या, हे इथे स्वच्छ सांगितलं पाहिजे. दुसऱ्याच्या डोळ्यांतली उणीव बघून आनंद होणं काही चांगलं नाही, पण खिळा रिकामा होता ना.

तिने लगेच लिहिलं: 'लांबी: आखूड. वळण: नाही. घनता: कमी. सल्ला: एक्स्टेन्शन. शुक्रवारी ये. एकदम हिरॉइन करते.' मग आठवण झाली म्हणून पुढे जोडलं: 'गुरुवारी गोंदाची चाचणी करायला ये. ॲलर्जी आहे का बघावं लागतं.' आणि मॅडमनाही कळवून टाकलं की नवरी मिळाली, रविवारपर्यंत फोटो येतात.

गुरुवारी मेघाली ड्युटी संपवून थेट आली. केसांत, खांद्यांवर कापसाचा भुरका, जसा त्या कामातल्या सगळ्यांच्याच अंगावर असतो. बुजरी, काटक मुलगी. खुर्चीत बसल्यावर तिने आरशात बघितलंच नाही. धोंडूबाईंनी लसूण बाजूला ठेवून तिला पाणी दिलं आणि कुठल्या गावची, कुणाची, मामा कोण, असं सगळं विचारून घेतलं. तेवढ्यात त्यांना दोन ओळखी सापडल्यासुद्धा.

चाचणी म्हणजे कोपऱ्यातल्या दोन-तीन पापण्यांना एक्स्टेन्शन लावून एक दिवस थांबायचं. लाली, खाज, सूज आली तर पुढचं काम रद्द. पण लावण्याआधी पापण्या स्वच्छ हव्यात, नाहीतर गोंद धरत नाही. उन्नतीने मेघालीला आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले, बोटावर फेस घेतला आणि बारीक ब्रशने मुळापासून टोकाकडे पापण्या धुवायला सुरुवात केली.

ब्रशला काहीतरी पांढुरकं लागलं. तिने ते पुसलं. पुन्हा लागलं. तिने दिवा जवळ ओढला. कापसाचे तंतू. इतके बारीक की नुसत्या डोळ्याला दिसू नयेत, पण पापण्यांच्या टोकांना चिकटून बसलेले, एकात एक गुंतलेले. ओल्या कापसाच्या बोळ्यावर ते राखाडी होऊन उतरत गेले. आणि ते उतरत गेले तसतशा पापण्या वाढत गेल्या.

खरंच वाढत गेल्या. म्हणजे होत्याच, दिसायला लागल्या. उन्नती खुर्चीच्या बाजूला सरकली आणि वाकून तिने मेघालीच्या चेहऱ्याकडे कानाच्या बाजूने बघितलं. मिटल्या डोळ्यावरून पापण्या सरळ खाली गालाकडे गेल्या होत्या, झावळीसारख्या. एकही वळण नाही, पण लांब! कोर्समधल्या छोट्या पट्टीने तिने मापलं. अकरा मिलिमीटर. मधल्या सर्वात लांब पापण्या तर त्याहून थोड्या जास्तच. आणि फटी? एकही नव्हती. जिथे तंतूंनी दोन-तीन पापण्या एकत्र गुंडाळल्या होत्या, तिथेच समोरून फट दिसत होती.

तीन गोष्टींचा निकाल दिला होता, त्यातल्या दोन चुकल्या होत्या. वळण नाही, एवढंच बरोबर. आणि त्या एकानेच बाकीचा घोटाळा केला होता: उघड्या डोळ्याची सरळ पुढे आलेली पापणी समोरून बघितली की तिची लांबी दिसतच नाही, काडी टोकाकडून बघितल्यासारखं. वर टोकांना भुरका. कामतघरात राहून, भिंतीपलीकडे लूम असून, सासऱ्यांच्या भुवयांवर रोज संध्याकाळी तोच भुरका बघून, उन्नतीला हे सुचलं नव्हतं. गाढवीण, असं ती स्वतःला मनात म्हणाली, आणि ते योग्यच होतं.

"काय झालं, ताई?" मेघालीने डोळे मिटूनच विचारलं.

उन्नतीने ब्रश खाली ठेवला. तिची नजर वर गेली, खिळ्याकडे. चिमटे मांडलेले होते, गोंद उघडायचा होता. लांब पापणीला कुणी एक्स्टेन्शन लावूच नये असा काही कायदा नाही. लावली असती तरी मेघालीला काय कळणार होतं? खूश झाली असती बिचारी. उद्या सेट, परवा फोटो, आणि खिळा भरला असता.

पण मग तिला पुढचे दिवस आठवायला लागले. शनिवारी हळद. त्यांच्याकडे हळदीला नुसतं बोट लावत नाहीत, तेल-हळदीने नवरीला न्हाऊ घालतात आणि तेल त्या गोंदाचा वैरी. रविवारी लग्न. सोमवारी?

"सोमवारी काय आहे तुमच्याकडे?" तिने विचारलं.

"सोमवारी जोडीनं वज्रेश्वरीला देवीला जायचं, आणि अकलोलीच्या गरम पान्याच्या कुंडावर तोंड धुवायचं. सासरच्यांचा नेम हाय तो. आत्याच नेते सगळ्या नव्या सुनांना."

उन्नतीच्या डोळ्यांसमोर ते कुंड उभं राहिलं. हळदीच्या तेलाने सैल झालेला गोंद, त्यावर गरम पाण्याची वाफ, वर ओंजळीने तोंड धुणं. हौसाआत्या समोर उभी आणि मेघालीच्या ओल्या गालावर नकली पापण्या चिकटलेल्या. ती गोष्ट त्या घरात पुढची वीस वर्षं सांगितली गेली असती, प्रत्येक लग्नात, चहाबरोबर.

"आई," उन्नती म्हणाली, "माझं चुकलं."

कोपऱ्यातला लसूण थांबला. धोंडूबाईंच्या घरात सुनेने हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं, त्यामुळे त्यांना आधी कुणीतरी वारलं असंच वाटलं.

"फोटोवरून चुकीचा निकाल दिला मी. हिला एक्स्टेन्शन लागत नाही. मेघाली, उठ. मी तुला वेडंवाकडं सांगितलं, माफ कर."

मेघाली उठून बसली आणि तिचा चेहरा पडला. "म्हंजे माझ्या पापन्यांवर काय बसतच न्हाय? येवढ्या खराब हायत?"

"थांब. बोलू नकोस. खिडकीकडे तोंड कर आणि समोर बघ. डोळे मिटू नको."

उन्नतीने मोबाइल मेघालीच्या कानाच्या रेषेत धरला आणि बाजूने क्लोजअप काढला. मग तो मेघालीच्या हातात दिला.

मेघालीने बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या. "ह्या कोनाच्या?"

"तुझ्या."

"खोटं."

"आता काढला ना तुझ्यासमोर. तो बघ कानाजवळचा तीळ."

मेघालीचा हात आपसूक तिळाकडे गेला. आपल्या पापण्या आपल्याला बाजूने कधीच दिसत नाहीत, ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी कधी विचारच करत नाही. आरशात माणूस स्वतःला समोरूनच बघतो; आणि आत्यानेही हनुवटी धरून समोरूनच बघितलं होतं. मेघालीने तो फोटो मोठा केला, अजून मोठा केला, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उन्नतीला हसूही आलं आणि भरूनही आलं.

"रडून घे," धोंडूबाई म्हणाल्या. "पापन्या धुवून निंगतील अजून."

मग उन्नतीने कर्लर काढला. आधी त्याची रबरी पट्टी बोटाने तपासली, कारण पट्टी झिजली की कर्लर पापण्या वळवत नाही, कापतो. कोरड्या, स्वच्छ पापण्या मुळाशी हलक्या हाताने धरायच्या, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. मग जरा पुढे मध्यावर, मग टोकाशी, म्हणजे कोपरासारखा मोडल्यागत बाक न येता गोल वळण येतं. मस्कारा त्यानंतर, आधी कधीच नाही. मस्कारा लावून कर्लर दाबला की पापण्या त्याला चिकटून तुटतात. मस्कारा पाण्याने न जाणारा, कारण साधा ओलसर असतो आणि अशा सरळ पापण्यांना परत खाली ओढतो.

"एकदा तू करून दाखव," ती म्हणाली. मेघालीने पहिल्यांदा पापणीची कातडी चिमटली आणि ओरडली. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा तिने आरशात बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली.

"हा कर्लर आणि मस्कारा घेऊन जा, लग्नाच्या दिवशी सकाळी करायचं. हळदीच्या दिवशी नको, तेलात काही टिकत नाही. आणि सोमवारी कुंडावर वळण जाणार, हे लक्षात ठेव. पाणी लागलं की सरळ होणार. गेलं तर जाऊ दे."

"जाऊ दे?"

"वळण जाईल. पापण्या कुठे जातायत?"

मेघाली गेल्यावर धोंडूबाईंनी विचारलं, "आता तुज्या कागदाचं काय?"

"पुढच्या बॅचला."

धोंडूबाईंनी लसणाची पाकळी सोलली, फुंकर मारली. "माज्या डोल्याला लाव. मी काय हलत न्हाय."

उन्नती उठली आणि तिने खरोखरच दिवा घेऊन सासूच्या डोळ्यांत बघितलं. वय साठीच्या पुढे, पापण्या मोजून वीस, त्याही भुऱ्या आणि विरलेल्या धाग्यासारख्या. एकीवर नकली केस ठेवला असता तर दोन्ही मिळून खाली आले असते. "आई, तुमच्या पापण्यांना वजन पेलणार नाही."

"तुला येवढी वर्सं पेलली ती काय?" धोंडूबाई म्हणाल्या आणि दोघी खो खो हसल्या, इतक्या की लूमचा आवाज थोडा वेळ ऐकूच आला नाही. रात्री उन्नतीने मॅडमना खरं ते कळवलं. मॅडमनी लिहिलं, 'समोरून एक आणि बाजूने एक, दोन फोटो मागायचे असतात, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढच्या बॅचला ये.' उन्नतीने पहिल्या दिवसाची वही काढून बघितली. सांगितलं होतं. तिने त्या पानाच्या कडेला फुलं काढली होती.

रविवारी तिने मोबाइल दर पाच मिनिटांनी बघितला. मेघालीच्या मावशीने दुपारी फोटो पाठवला. अंतरपाट नुकताच दूर झालाय, हवेत अक्षता आहेत, आणि मेघाली वर बघतेय. थेट. विपुल जरा गडबडलेला दिसतोय, आणि त्याच्या मागे हिरव्या शालूतली एक बाई तोंड पुढे काढून नवरीच्या डोळ्यांकडे टक लावून बघतेय. मावशीने खाली लिहिलं होतं, 'ती बघ हौसा. म्हनत होती खोट्या लावल्यात, उद्या कुंडावर कलंल.'

उन्नतीने तो फोटो सासूला दाखवला. "बघू द्या तिला," धोंडूबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पार्लरमध्ये भुवयांचं गिऱ्हाईक बसलं होतं, तोंडात दोरा होता, तेवढ्यात मोबाइल वाजला. मेघालीचा फोटो. पार्श्वभूमीला कुंडाची वाफ, कपाळावर देवीचं कुंकू, तोंड धुतलेलं, निथळणारं. मस्कारा नाही, वळण नाही. पापण्या भिजून पुन्हा सरळ खाली उतरलेल्या, आणि त्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब. तिने फोटो काढला होता बाजूने. चेहऱ्याच्या कडेला एक कंकणांचा हात दिसत होता, जुन्या हिरव्या बांगड्यांचा, पापणीपासून अर्ध्या बोटावर थबकलेला.

खाली लिहिलं होतं, 'आत्यानं वढून बघितल्या. दोनदा. आता ती इचारते, आमच्या पोरीचाबी निकाल देनार का. ताई, माझा खरा निकाल आता सांगा.'

उन्नतीने दोरा तोंडातून काढला. गिऱ्हाइकाची एक भुवई झाली होती, दुसरी राहिली होती, पण ती थांबली. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला, नेहमीसारखा, सगळं तपासलं, उगाच नाही. मग तिने लिहिलं:

'लांबी: भरपूर. घनता: भरपूर. वळण: नाही. सल्ला: काही करू नको.'